काळी मेंदी नावाची मेंदी नसते

आमच्या नाहूरला लग्नसराई, सण जवळ आले की छोट्या पाकिटातली काळी मेंदी घराघरांत येते. "डाय नाही हो, मेंदीच आहे, चार दिवसांत जाते," असं सांगत बायका एकमेकींना देतात. पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं मात्र कुणी वाचत नाही.

मेंदीच्या पानातला रंग केशरी-तपकिरी, आणि तोही तासन् तास ठेवल्यावर चढणारा. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणारी वस्तू बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाईन असते. याचे कण इतके लहान की केसात आणि कातडीतही सहज शिरतात. हवेशी किंवा पेरॉक्साइडशी संयोग झाला की ते जोडले जाऊन काळे होतात. त्रास होतो तो हे जोडणं पूर्ण व्हायच्या आधी त्वचेत शिरलेल्या कणांचा.

शेजारच्या मावशींचंच बघा. सहा वर्षं तेच पाकीट वापरत होत्या, काही झालं नाही. यंदा लावल्यावर दुसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला खाज, तिसऱ्या दिवशी कान लाल आणि पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हातावर कधी काळा कोन काढला होता का?" काढला होता, पुतणीच्या लग्नात. आठवड्याभराने नक्षीच्या रेघांवरच पुरळ उठलं होतं, तेव्हा उष्णतेचं म्हणून सोडून दिलेलं.

तिथेच शरीराने हा पदार्थ ओळखून ठेवला. कोनात तो किती घातलाय याला काही मोजमाप नसतं, आणि तो थेट कातडीवर बसतो. एकदा अशी ॲलर्जी झाली की बहुधा जन्मभर राहते. पुढच्या वेळी थोडा रंगही पुरतो. डोक्याला लावला तरी सूज टाळूपेक्षा पापण्या, कान, मानेवर जास्त दिसते, म्हणून लोकांना संशय डासाचा नाहीतर खाण्याचा येतो.

आपल्याकडे पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर इशारा आणि कानामागे चाचणीची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, हेही त्यात असतं. चाचणी २४ तासांची सांगतात, पण ही ॲलर्जी उशिरा उठते, तेव्हा डाग दोन-तीन दिवस बघत राहावा. आणि आधी काळ्या कोनाने पुरळ आलं असेल त्यांनी घरी चाचणीही करू नये, माझं स्पष्ट मत आहे.

मावशींना डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. सुन्न करणारी काही मलमं आणि काही सल्फा औषधं यांच्याशी या ॲलर्जीचं नातं असू शकतं, म्हणून यापुढे कुठल्याही दवाखान्यात ही गोष्ट आधी सांगायची. लावल्यावर जळजळ झाली तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर थेट हॉस्पिटल गाठा, आणि जाताना पाकीट सोबत घ्या. आत काय होतं ते डॉक्टरांना तेवढ्यावरूनच कळतं.