मोडलेली तारीख आणि अडकलेला अ‍ॅडव्हान्स



लग्नसराईत कुणाच्या घरी दुःखद घटना घडली की लग्न पुढे जाते, आणि त्यामागोमाग प्रश्न येतो, ‘कार्यालयाला दिलेले पैसे गेलेच का?’ आपल्यातल्या बऱ्याच जणी पावतीमागचे ‘कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही’ हे वाक्य वाचून गप्प बसतात. माझ्या भाचीच्या लग्नाच्या वेळी काय झाले ते सांगते.

लग्न फेब्रुवारीत होते. डिसेंबरच्या सुरुवातीला नवऱ्या मुलाचे आजोबा गेले आणि व्याह्यांनी लग्न पुढच्या वर्षी करायचे ठरवले. माझा भाऊ म्हणाला, “अक्का, तू बी.कॉम. आहेस, तूच बघ.” मी आधी पावती वाचली. कार्यालयाला एकूण ६५,००० रुपये दिले होते. त्यातले ५०,००० हे ९०,००० रुपये भाड्यापोटी अ‍ॅडव्हान्स होते आणि १५,००० अनामत होती. या दोन रकमा वेगळ्या आहेत हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अनामत ही मोडतोड, हरवलेली भांडी, जास्तीचे लाइट बिल यासाठी तारण म्हणून ठेवलेली असते. आपण हॉलमध्ये पाऊलच ठेवले नाही, तर त्यातून कापायला काहीच उरत नाही. ती पूर्ण मागायची.

दुसरे म्हणजे, त्याच दिवशी भावाकडून लेखी पत्र पाठवले. बुकिंगचा नंबर, लग्नाची तारीख, रद्द करण्याचे कारण आणि ‘ही तारीख आपण दुसऱ्यास देऊ शकता’ हे वाक्य. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला आणि स्पीड पोस्टही केले. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो, आणि आपण किती दिवस आधी कळवले यावरच पुढचा सगळा हिशोब ठरतो.

व्यवस्थापक म्हणाले, “काकू, पावतीच्या मागे वाचा.” मी म्हटले, “वाचलंय दादा. पण तुमचं नुकसान किती झालं, तेवढं सांगा.”

हा प्रश्न हवेतला नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हेच धरले. तिथे प्राधिकरणाने बयाणा जप्त केला आणि तोच भूखंड नंतर कितीतरी जास्त किमतीला विकला. नुकसान झालेच नाही म्हणून बयाणा व्याजासह परत करायला लावला.

आमच्या बाबतीत जानेवारीत तीच तारीख दुसऱ्या लग्नाला गेली. पाहुण्यांकडे आलेल्या पत्रिकेवरच कार्यालयाचे नाव होते. तिचा फोटो मी जपून ठेवला. व्यवस्थापकांनी सांगितले की घाईत ८०,००० लाच द्यावे लागले. ठीक आहे, म्हणजे नुकसान १०,०००, वर कागदपत्रांचा खर्च म्हणून २,००० धरले. ५०,००० मधून १२,००० वजा जाता ३८,००० आणि अनामत १५,०००, असे ५३,००० रुपये चेकने परत आले.

केटररचा हिशोब वेगळा असतो. त्यांना २५,००० दिले होते. अडीच महिने आधी किराणा कुणी भरत नाही, पण वाढप्यांना त्यांनी ५,००० विसार दिला होता आणि तो बुडाला. तेवढे सोडून उरलेले २०,००० पुढच्या तारखेला वळते करायचे ठरले. असे वळते करताना रक्कम, ताटाचा दर आणि ‘तारीख न जुळल्यास रोख परत’ हे लिहून घ्यावे.

याला मर्यादाही आहे. आठ दिवस आधी रद्द केले आणि हॉल रिकामा राहिला, तर कार्यालयाचे नुकसान खरेच जवळपास पूर्ण भाड्याइतके असते. तेव्हा अनामतीपुरतेच भांडावे. आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान होऊ देणे हेही बरे नव्हे.

तरीही कुणी देतच नसेल, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कार्यालय पुण्याचे असले तरी माधवनगरच्या बाईला सांगलीत दाद मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांचीच, म्हणून ‘बघू, देतो’ यावर फार काळ थांबू नका.

आणि नवीन बुकिंग करताना पावतीवर भाडे आणि अनामत वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या. पैसे परत मागायची वेळ आली तर हिशोब तिथूनच सुरू होतो.