आज नको, गुरुवारी या

मी 22 वर्षं घरोघरी जाऊन पेटी शिकवली. दारावर पोचल्यावर 'अरे, आज तर आम्ही बाहेर निघालोय, सांगायचंच राहिलं' हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. आता माझ्या नातीला गणित शिकवायला मंगळवारी आणि शुक्रवारी एक सर घरी येतात. त्यामुळे ऐनवेळी शिकवणी पुढे ढकलायची पाळी आली की दोन्ही बाजू मला एकदमच दिसतात.

सर राहतात दिवाडीला, आम्ही रायबंदरला. क्लास 5 ते साडेसहा. मधे फेरीबोट आहे, म्हणून ते 4 वाजताच घर सोडतात. आमच्याकडून निघून त्यांना 7 वाजता पुढच्या मुलाकडे जायचं असतं. तेव्हा निरोपाची वेळ 5 ची नव्हे, 4 ची. एकदा ते फेरीत चढले की मधले तीन तास त्यांनी कुठं काढायचे?

परवाच्या मंगळवारी दुपारी पावणेतीनला सूनबाईचा फोन आला. तिची आई घरात घसरून पडली होती, बांबोळीला न्यावं लागणार होतं. नातही बरोबर जाणार होती. मी आधी सरांना फोन लावला आणि कोंकणीतच सांगितलं, "सर, आयज येनाकात." मग लगेच मराठीतून मेसेज पाठवला. तोंडी बोलण्यात आपण लोक फार गोड असतो. 'पळोवया', 'फाल्यां सांगतां' असं म्हणत फोन ठेवतो आणि काय ठरलं ते दोघांनाही कळत नाही. लिहिताना वार आणि वेळ घालावीच लागते. मेसेज असा होता:

"नमस्कार सर. आज मंगळवारचा 5 चा क्लास होणार नाही. सूनबाईच्या आईला बांबोळीला नेत आहोत, घर बंद असेल. त्याऐवजी गुरुवारी 5 वाजता किंवा रविवारी सकाळी 10 वाजता जमेल का? रात्री 8 पर्यंत कळवा. दोन्ही जमत नसेल तर आजचा क्लास झाला असं धरू, फी कापणार नाही. शुक्रवारचा क्लास नेहमीप्रमाणे."

पहिल्याच वाक्यात 'नाही' आहे, ते मुद्दाम. बसस्टॉपवर घाईत मेसेज वाचणारा माणूस पहिली ओळच वाचतो. कारण एकच दिलं. 'मुलगी दमलीय, शाळेतही उशीर झाला' असं जोडत गेलं की प्रत्येक कारणावर समोरच्याला उपाय सुचतो. 'कधीही या' म्हणणं उदार वाटतं, पण शिकवणी घेणाऱ्याचा आठवडा साखळीसारखा गुंतलेला असतो. त्याला दोन नेमक्या वेळा दिल्या तर हो किंवा नाही म्हणणं सोपं जातं.

सरांचा उलट मेसेज आला, "मग 7 नंतर येऊ का? पुढच्याला उद्यावर टाकतो." माणूस भला, मदतीच्या भावनेनं विचारतोय. इथंच आपण 'बघते, कळवते' म्हणतो, आणि तो बिचारा 7 वाजेपर्यंत फोनकडे बघत बसतो, वर तिसऱ्या घरचा क्लास मोडतो तो वेगळाच. मी लिहिलं, "नको सर, आज नकोच. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं." मग त्यांनी शुक्रवारी सलग तीन तास घेण्याचं सुचवलं. दहावीची पोर तीन तास बीजगणित घेऊन बसेल, पण दुसऱ्या तासानंतर डोक्यात काही शिरणार नाही. मी म्हटलं, गुरुवार नसेल जमत तर पुढच्या तीन क्लासांना अर्धा अर्धा तास वाढवू, नव्वद मिनिटं भरून निघतील. शेवटी त्यांना गुरुवारच जमला.

फीचं बोलणं मात्र त्या दिवशी काढायचं नसतं. ते पहिल्याच महिन्यात ठरलं होतं. आदल्या रात्री 8 च्या आत सांगितलं तर क्लास दुसऱ्या दिवशी घ्यायचा. त्याच दिवशी सांगितलं आणि दुसरी वेळ जुळली नाही, तर पैसे द्यायचे. सर घरातून निघाल्यावर सांगितलं, तर पैसे द्यायचेच. बदली क्लास घेतला तर ती त्यांची मर्जी. महिन्याला 8 क्लासांचे 2400 रुपये, म्हणजे एका क्लासचे 300. ती वेळ त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवलेली असते, दुपारी पावणेतीनला ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. सरांनी ऐनवेळी रद्द केला, तर पैसे कापायचे नाहीत, पण क्लास त्यांनी भरून द्यायचा, हेही तेव्हाच बोललो होतो.

एवढं करूनही एकाच महिन्यात तीनदा मंगळवार हलवावा लागला, तर मेसेज कितीही नीट लिहिलेला असो, दुखणं त्या वारातच आहे असं समजावं. तेव्हा सरांना चहाला बसवून वारच बदलून घ्यावा.