प्रवेश घेतलेला असताना पुन्हा ‘नीट’ देता येते का?

निकाल लागून प्रवेश संपले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलगी बीएएमएसला किंवा मुलगा बीडीएसला लागलेला असतो, पण मन एमबीबीएसमध्ये अडकलेले असते. मग आई हळूच विचारते, “डॉक्टर, आता पुन्हा नीट देता येईल का हो?”

उत्तर आहे, हो, देता येते. पण परीक्षेला बसणे आणि मिळालेली जागा घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण येते ती दुसरीत.

परीक्षेचे नियम सोपे आहेत. किती वेळा बसायचे यावर बंधन नाही, आणि 2022 पासून वयाची कमाल मर्यादाही नाही. बारावीला लागणारे विषय आणि टक्के तुमच्याकडे आहेतच. अर्ज एनटीएकडे तुम्ही स्वतः भरता. मात्र पदवी बदलली की सुरुवात पहिल्या वर्षापासून होते. बीएएमएसचे एक वर्ष एमबीबीएसमध्ये धरले जात नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबातल्या मुलीचे उदाहरण सांगतो. 2024 मध्ये तिला 540 गुण मिळाले आणि ती एका खाजगी कॉलेजात बीएएमएसला गेली. माझ्याकडे आली ती झोप लागत नाही आणि छातीत जळजळते म्हणून. दिवसा शरीररचना, रात्री दोनपर्यंत नीटचे फिजिक्स, आणि मध्ये चार-पाच कप चहा. औषधापेक्षा वेळापत्रक बदलणे गरजेचे होते. बीएएमएसचे पहिले व्यावसायिक वर्ष 18 महिन्यांचे असते, त्यामुळे मे महिन्यातली नीट आणि विद्यापीठाची परीक्षा एकत्र येणार नव्हती. पण 75 टक्के हजेरी सुटत नाही. म्हणून मी तिला कॉलेज न बुडवता रात्री साडेअकराला पुस्तक मिटायला आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद करायला सांगितले.

4 मे 2025 ला तिने परीक्षा दिली आणि गुण आले 480. घरात रडारड झाली. “साठ गुण कमी झाले, वर्ष फुकट गेले,” असे वडील म्हणाले. मी त्यांना रँक बघायला सांगितला. 2024 मध्ये कित्येकांना 720 पैकी 720 पडले होते, तर 2025 ची प्रश्नपत्रिका इतकी कठीण होती की देशात पहिल्या आलेल्याला 686 गुण होते. तिचा रँक आधीपेक्षा बराच वर आला होता. तेव्हा दोन वर्षांच्या गुणांची तुलना करू नका, रँकची करा.

आता दुसरा भाग. बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता ही मूळ कागदपत्रे प्रवेश घेतलेल्या कॉलेजात जमा असतात. नवी जागा मिळाल्यावर मोजक्या दिवसांत हीच मूळ कागदपत्रे घेऊन तिकडे हजर व्हावे लागते. आणि कॉलेज ती सहज सोडत नाही. प्रवेशाची अंतिम तारीख उलटल्यावर सोडलेली जागा दुसऱ्याला देता येत नाही, ती रिकामीच राहते. म्हणून प्रवेशाच्या वेळी हमीपत्र लिहून घेतलेले असते, आणि त्यात मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी भरण्याची अटही असू शकते.

या कुटुंबाने ते हमीपत्र अर्ज भरण्याआधीच काढून वाचले आणि किती पैसे द्यावे लागतील याचा आकडा कॉलेजकडून लेखी घेतला. त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत आधी प्रवेश घेतलेल्यांसाठी काय लिहिले आहे, तेही पाहिले. हे नियम दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मित्राचा अनुभव पुरेसा नाही. जागा वाटपाच्या यादीत नाव दिसले त्याच दिवशी तिने प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला, ठरलेली रक्कम भरली आणि कागद हातात घेतले. त्याआधी राजीनामा दिला नाही. आधी दिला असता आणि यादीत नाव आले नसते, तर दोन्ही जागा गेल्या असत्या.

तुमच्या घरात हा प्रश्न असेल, तर मुलाला क्लास लावण्याआधी ते हमीपत्र शोधा. सोडण्याची रक्कम तुम्हाला झेपणारी नसेल, तर चांगला रँक येऊनही जागा घेता येणार नाही, आणि ते निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. रक्कम झेपत असेल, तर पहिले वर्ष हीच योग्य वेळ आहे. पुढे प्रत्येक वर्षाबरोबर भरलेली फी आणि खर्ची पडलेला काळ वाढत जातो, आणि त्यातले नव्या पदवीत काहीच मोजले जात नाही.