तुपाचा डबा आणि लाल दरवाजा



मागच्या महिन्यात जर्मनीहून परत आले. लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. आल्यापासून मंदिरात जी भेटते ती आधी बाळाची चौकशी करते आणि लगेच दुसरा प्रश्न विचारते, "ताई, तूप नेऊ दिलं का हो?" एकेकीला सांगण्यापेक्षा सगळे इथे सविस्तर लिहिते, कारण या प्रश्नाचे माझे उत्तर दोन फेऱ्यांमध्ये बदलले आहे.

पहिली फेरी 2022 च्या दिवाळीनंतरची. लेकीने नवे घर घेतले होते आणि मी पहिल्यांदाच परदेशी निघाले होते. हातातल्या पिशवीत मिरचीच्या लोणच्याची अर्धी बरणी होती, वाटेत जेवणाबरोबर म्हणून. सामान तपासणाऱ्या मुलीने ती बाजूला काढून ठेवली. मी म्हटले, अहो, अर्धीच तर आहे! ती नम्रपणे म्हणाली, "आजी, आत किती आहे ते नाही, बरणी केवढी आहे ते बघतात." आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानात पातळ किंवा लिबलिबीत पदार्थ 100 मिलीपेक्षा मोठ्या भांड्यात चालत नाही. त्यात लोणचे, चटणी, तूप, गुलाबजामचा पाक हे सगळे येते. थंडीत तूप गोठून दगड झाले तरी ते पातळच धरतात. शिवाय मिरचीचे लोणचे आपल्याकडे हातातल्या सामानात मुळीच चालत नाही, बरणी कितीही लहान असो. बरणी तिथेच राहिली. चूक माझीच होती, विचारले असते तर ती मोठ्या बॅगेत गेली असती.

खरा धडा उतरल्यावर मिळाला. मोठ्या बॅगेत दोन किलोचा तुपाचा डबा होता. ओळखीच्या गवळ्याकडचे दूध, घरी विरजलेले, घरी कढवलेले. बरोबर एक किलो पेढे. बॅगा घेऊन बाहेर पडताना तिथे दोन वाटा असतात. ज्याच्याकडे दाखवण्यासारखे काही नाही तो हिरव्या वाटेने जातो, ज्याच्याकडे आहे तो लाल वाटेने. जावईबापूंनी फोनवर बजावले होते, "आई, हिरव्या दरवाजाने सरळ चालत या, कुणी काही विचारत नाही." मी तशीच निघाले आणि नेमके मलाच थांबवले.

अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारले, दुधाचे काही आहे का? मी चटकन म्हटले, "नो." आणि खरे सांगते, त्या क्षणी मला ते खोटे वाटलेच नाही. दूध म्हणजे दूध. तूप हे तूप! पण बॅग यंत्रातून गेली, डबा निघाला, पेढे निघाले. झाकण उघडून त्याने वास घेतला आणि माझ्याकडे नुसते पाहिले. ते पाहणे मला अजून आठवते. दंड केला नाही, पण तूप आणि पेढे दोन्ही माझ्यासमोर निळ्या पिंपात गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुपाचे वाईट वाटत होतेच. पण त्याहून जास्त टोचत होते ते हे की, रोज सामायिकाला बसणारी बाई साठीत एका परक्या माणसासमोर खोटी ठरली. अणुव्रताच्या गोष्टी आपण शिबिरात ऐकतो. त्यांची परीक्षा अशी सामानाच्या रांगेत होईल असे वाटले नव्हते.

राग मात्र बरेच दिवस होता. घरचे शुद्ध तूप, त्यात यांना काय दिसले? यंदा लेकीकडून त्याचे कारण कळले. आपल्याकडे गाईम्हशींना लाळ्या खुरकूत होतो. तोंडात आणि खुरांत फोड येतात, जनावर चारा सोडते, दूध आटते. आपल्याकडे लस टोचतात, जनावर बहुधा वाचते आणि आपण पुढे जातो. युरोपात हा रोग जवळजवळ संपवला आहे. म्हणून ज्या देशांत तो आहे तिथल्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. लहान बाळाच्या दुधाच्या पावडरीसारख्या मोजक्या सवलती आहेत, तुपाला नाही. तूप कढवलेले असते हे खरे, पण प्रत्येकीच्या डब्यातले तूप किती तापले होते हे अधिकारी कसे तपासणार? म्हणून सरसकट नाही.

जानेवारी 2025 मध्ये बर्लिनजवळच्या एका गावात म्हशींच्या लहानशा कळपात हा रोग निघाला. जर्मनीत 1988 नंतर पहिल्यांदाच. रोग पसरू नये म्हणून तो अख्खा कळप मारून टाकला. लेकीने हे सांगितले तेव्हा माझा राग तिथेच गळून पडला. पाणी गाळून पिणारी मी. माझ्या डब्यापायी एखाद्या गोठ्यावर अशी वेळ येण्याची शक्यता रतीभर जरी असली, तरी तो डबा मला नको.

पण बाळंतिणीला डिंकाचे लाडू तर हवेतच. आणि डिंकाच्या लाडवात तूप आले, खोबरे आले, खसखस आली. मी बी.कॉम. झालेली बाई. वही घेतली आणि एकेका जिन्नसापुढे लिहिले: इथून न्यायचे, तिथे घ्यायचे, की वगळायचे.

तूप तिथे. तिथे बिनमिठाचे लोणी 250 ग्रॅमच्या वड्यांत मिळते आणि त्यात निदान 82 टक्के स्निग्धांश असतो. तीन वड्या म्हणजे 750 ग्रॅम, त्याचे साधारण 600 ग्रॅम तूप निघते. एका पातेल्याला एवढे पुरते.

खोबरे तिथे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेत नाहीत, 2022 पासून आपल्याकडे मोठ्या बॅगेतही मनाई आहे. खोबरे तेलकट असते, ढिगाने राहिले तर आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते ज्वलनशील मालात धरतात. तिथल्या कुठल्याही दुकानात सुक्या खोबऱ्याचा कीस मिळतो.

खसखस वगळली. जर्मनीत ती पावावरसुद्धा लावतात, पण माझे विमान आखातातून जाणार होते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अफूच्या झाडाचा भाग म्हणून गुन्ह्याची वस्तू आहे. सख्यांनो, मुले दुबईला असतील तर हे विसरू नका. गरम मसाल्यात, अनरशावर, लाडवात, कशातही खसखस नको.

इथून नेले ते एवढेच: पाव किलो डिंक, अर्धा किलो खारकेची पूड, अर्धा किलो गूळ, सुंठ आणि वेलदोडे. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहिले. डिंकाच्या खड्यांची पुडी बिननावाची पाहिली तर कुणालाही शंका येईल. ताजा कढीपत्ता आणि कैऱ्या लेकीने मागितल्या होत्या, त्या नेल्या नाहीत. ताजी फळे, भाज्या, पाने यांना तिथे आपल्या सरकारचे रोग-कीड नसल्याचे प्रमाणपत्र लागते.

जावईबापूंसाठी कैरीचे लोणचे आणि बिनलसणाची शेंगाचटणी नेली. लोणचे मी स्वतः मर्यादेमुळे खात नाही, पण त्यांना त्याशिवाय घास उतरत नाही. लोणच्याला दूध नाही, ते चालते. मात्र ते फुटते, आणि फुटते का हे समजून घ्या. विमान वर गेले की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डब्यातली हवा फुगते आणि तेलाला झाकणातून बाहेर ढकलते. नवे लोणचे असेल तर ते स्वतःही फसफसते. म्हणून दीड-दोन महिने मुरलेले घ्यावे. वरचे तेल निथळून फोडींना लागलेले तेवढेच ठेवावे. जाड पिशवीत भरून हाताने दाबून सगळी हवा काढावी, मग तोंड बंद करावे. त्यावर दुसरी पिशवी, मग जुन्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. घरी ही पुडी एक रात्र कागदावर पालथी ठेवावी. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर ती पुडी न्यायची नाही. माझ्या तीनपैकी एका पुडीने डाग दिला, ती घरीच राहिली.

नळदुर्गहून पहाटे गाडीने हैदराबाद, तिथून आखात, तिथून जर्मनी. उतरल्यावर जावईबापूंचा निरोप आलाच, "आई, आता तर काहीच नाही तुमच्याकडे, हिरव्यातूनच या." खरे तर तसे चाललेही असते. पण मी लाल वाटेने गेले. अधिकारी बाई होत्या. मी म्हटले, घरचे खाणे आहे, दुधाचे काही नाही, बघून घ्या. इंग्रजीत लिहिलेली यादी पुढे केली. त्यांनी डिंकाची पुडी उघडली, लोणच्याची पिशवी दाबून पाहिली, लेक बाळंतीण आहे ऐकून हसल्या आणि यादी परत दिली. पाच मिनिटे लागली असतील.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावे. तिथे खाण्याची प्रत्येक वस्तू सांगावीच लागते. सांगितलेली वस्तू नियमात बसली नाही तर फक्त ती वस्तू जाते. लपवलेली सापडली तर दंड होतो.

तिसऱ्या दिवशी लेकीच्या ओट्यावर लोणी कढवले. आधी फेस, मग तडतड, मग तळाशी बदामी बेरी. लेक आतून म्हणाली, "आई, आजीच्या घराचा वास आला." त्या तुपात डिंक फुलवला आणि एकतीस लाडू झाले. खसखशीची उणीव कुणालाच कळली नाही.

आता मंदिरात कुणी विचारले तर सांगते: तूप नेऊ नका, कढवायचा हात न्या. त्याला कुठली वाट अडवत नाही.

जय जिनेंद्र.