पारख दुसऱ्याच्या हाती देताना

व्यापारी घरांत बढतीचे पत्र कोणी देत नाही. थोरले भाऊ पेढीवर येणे कमी करतात, फोन हळूहळू धाकट्यांकडे वळतात आणि एके दिवशी जो उत्तम खरेदीदार होता, तो खरेदीदारांचा प्रमुख झालेला असतो. आपले काम बदलले आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. माझ्या पुतण्याच्या बाबतीत हेच घडले. आमची पेढी सोयाबीन आणि तुरीची. मी हिशेबाची बाजू पाहतो. त्यामुळे त्याची ती दोन वर्षे मला वहीच्या पानांतून फार जवळून दिसली.

आठ वर्षे तो लातूरच्या यार्डात लिलावाला उभा राहत असे. मूठभर दाणे हाती घेतले, दोन दाताखाली फोडले की माल किती ओला, किती डागी, किती माती, हे तो सांगून मोकळा होई. ओलाव्याचे यंत्र नंतर जो आकडा दाखवी, तो त्याच्या अंदाजाच्या आसपासच असे. अशा माणसाच्या हाताखाली लातूर, उदगीर आणि औसा येथे खरेदीसाठी तीन तरुण दिले, तेव्हा पारख तिप्पट होईल असे आम्हांला वाटले होते.

झाले ते वेगळेच. तिघेही प्रत्येक ढिगापाशी उभे राहून त्याला फोन करू लागले. तो मोबाइलवर दाण्यांचे छायाचित्र मागवी, दोन प्रश्न विचारी आणि भाव सांगे. लिलाव काही त्या फोनसाठी थांबत नाही. उत्तर येईपर्यंत बोली पुढच्या ढिगावर गेलेली असे आणि चांगला माल दुसऱ्याच्या गोदामात. संध्याकाळी पुतण्या म्हणे, “काका, एकालाही निर्णय घेता येत नाही.” मला वहीत दिसत होते ते असे, की निर्णय घेण्याची संधी त्यांना एकदाही मिळालेली नव्हती. विचारले की उत्तर मिळते, हे एकदा कळल्यावर स्वतः जोखीम कोण घेईल? आणि खरे सांगायचे तर ते फोन त्यालाही आवडत होते. आपल्यावाचून अडते, ही जाणीव गोड असते.

इंटेल या कंपनीचे एकेकाळचे प्रमुख अँड्र्यू ग्रोव्ह यांचे ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ हे १९८३ सालचे पुस्तक माझ्या मुलाने घरी आणले होते. प्रमुखाचे उत्पन्न म्हणजे त्याच्या हाताखालच्यांचे उत्पन्न, असे त्यात म्हटले आहे. माणसाला किती मोकळीक द्यायची हे त्या विशिष्ट कामातली त्याची तयारी पाहून ठरवावे, माणूस एकूण किती हुशार आहे यावरून नव्हे, असाही त्यांचा आग्रह आहे. संगणकाच्या चिप बनवणाऱ्याचे हे म्हणणे भुसारालाही लागू पडते, हे आम्ही करून पाहिले.

पहिले काम होते ते मुठीतली विद्या शब्दांत आणण्याचे. वर्षानुवर्षे केलेल्या कामात आपण नेमके काय पाहतो, हे कुशल माणसाला स्वतःलाच सांगता येत नाही. म्हणून दर सोमवारी गोदामात सोयाबीनचे दहा नमुने मांडायचे ठरले. चौघांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक नमुन्याचा ओलावा, माती-कचरा, डागी दाणे आणि आपण देऊ तो भाव चिठ्ठीवर लिहायचा. मग यंत्र लावायचे आणि चिठ्ठ्या उघडायच्या. पुतण्याची चिठ्ठी सर्वांत शेवटी उघडायची, हा नियम मीच घातला; नाहीतर बाकीचे तिच्याकडे पाहूनच आपले मत बदलतील. जिथे आकडे दूर गेले तिथे ‘तुला काय दिसले?’ हा प्रश्न. या बैठकींत त्याच्या तोंडून प्रथमच अशा गोष्टी बाहेर पडल्या, की कोरडा दाणा दाताखाली कट्कन फुटतो आणि ओला चेपतो. की ढिगाच्या वरचा माल उन्हाने सुकलेला असतो, म्हणून हात कोपरापर्यंत आत घालावा. आठ वर्षांत हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. लपवले नव्हते, सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नव्हते.

सहा आठवड्यांनी उदगीरच्या मुलाचे अंदाज पुतण्याच्या अंदाजांजवळ येऊन स्थिरावले. तेव्हा त्याच्यापुरती मर्यादा आखली. सकाळी पेढीने दिलेल्या भावापासून शंभर रुपये वर-खाली आणि एका सौद्यात पन्नास क्विंटलपर्यंत त्याने स्वतः ठरवावे, संध्याकाळी फक्त कळवावे. त्यापलीकडे विचारावे. लातूरचा मुलगा दाणा उत्तम ओळखी, पण आडत्यांच्या गोड बोलण्यापुढे भाव वाढवून बसे. त्याला मालाची पूर्ण मोकळीक आणि भावाची थोडी. औशाच्या मुलाला अजून काहीच नाही. तिघांना एकच माप लावले असते तर ते दिसायला न्याय्य ठरले असते, उपयोगाचे नव्हे.

खरी कसोटी पुढच्या पावसाळी आठवड्यात लागली. उदगीरच्या मुलाने चाळीस क्विंटल सोयाबीन कोरड्याच्या भावाने घेतले आणि गोदामात यंत्राने चौदा टक्के ओलावा दाखवला. आम्ही बारा टक्के धरून भाव देतो. पुतण्या उठलाच होता. उद्यापासून उदगीरला मीच जातो, म्हणाला. मी त्याला इतकेच म्हटले, की आधी त्या मुलाला हिशेब करू दे. मुलाने तो केला. चाळीस क्विंटलांत कोरडा माल ३४.४ क्विंटल, बारा टक्क्यांवर आणला की वजन भरते सुमारे ३९.०९ क्विंटल. म्हणजे ९१ किलो पाण्याचे पैसे दिले. ४,५०० रुपये भावाने साधारण ४,१०० रुपये. मग कारणही त्यानेच सांगितले: त्या दिवशी घाईत हात वरच्या थरातच फिरला होता. मर्यादा तशीच ठेवली. पुतण्याने उदगीरची गाडी पकडली असती तर ४,१०० रुपये वाचले नसतेच, पण तो मुलगा पुन्हा फोनला चिकटला असता.

विश्वास टाकला म्हणून तपासणी सोडली, असे मात्र नाही. चूक माल स्वस्त असतानाच पकडावी, असे ग्रोव्ह सांगतात. म्हणून यार्डातून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून पाच पोती गोदामात उतरताच तपासली जातात, प्रक्रियेला गेल्यावर नव्हे. ज्याच्या गाड्या सलग नीट निघाल्या, त्याची पाचाची दोन होतात. पैशाच्या बाबतीत तर ढिलाई मुळीच नाही. भाव ठरवणारा एक, वजनाची पावती पाहणारा दुसरा आणि रक्कम देणारा तिसरा. हा नियम पुतण्यालाही लागू आहे आणि मलाही, त्यामुळे कोणाला तो अविश्वास वाटत नाही.

बदल घडतो आहे हे फोनच्या संख्येपेक्षा फोनमधल्या वाक्यावरून कळते. पूर्वी विचारणा असे, “भाऊ, घेऊ का?” आता उदगीरहून येते, “भाऊ, सोडला. वरून चांगला होता, आत ओल होती.”

पुतण्याचे काय झाले, हे सांगायला हवे. लिलावाला न जाण्याचे पहिले तीन महिने तो अस्वस्थ होता. दिवसभर काय केले असे विचारले तर त्याला दाखवायला एकही ढीग नसे. शेतकरी यार्डात त्याचे नाव घेत, ते थांबले. आता आठवड्यातून एक दिवस तो यार्डात जातो, पण कोणा एका मुलाच्या मागे उभा राहतो आणि बोली संपेपर्यंत बोलत नाही. हे त्याला अजूनही कठीण जाते. हात खिशात घालून उभा राहतो, म्हणजे ढिगाकडे जाणार नाहीत.

औशाच्या मुलाचे अंदाज दोन हंगामांनंतरही दूरच पडतात. त्याची वजनाची नोंद मात्र निर्दोष असते. त्याला खरेदीतच ठेवायचे की गोदामाकडे आणायचे, हे पुतण्याने अजून ठरवलेले नाही. नवे सोयाबीन येण्यापूर्वी ते त्याच्याशी समोर बसून बोलावे लागेल.