जामीन

घरमालकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘‘ताई, तुमच्या हातचं दोन ओळींचं लिहून द्या, मुलीच्या भाड्याबद्दल. बाकी काही नको.’’ मी हो म्हटलं. संध्याकाळी लेकीने मोबाइलवर एक तयार मसुदा पाठवला. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी तोच भरून दिला होता. त्यात लिहिलं होतं, ‘सदर जागेबाबतच्या सर्व देण्यांची मी बिनशर्त हमी घेत आहे.’ माझं बोट ‘सर्व’ या शब्दावरच अडकलं. भाजी तशीच राहिली.

द्वारकेच्या चौकापासून काठे गल्लीच्या बाजूला चालत सात-आठ मिनिटांवर ही जागा आहे. दोन खोल्या, तिघी मुली, महिना १२,००० रुपये भाडं, म्हणजे प्रत्येकी ४,०००. अनामत ३६,०००. लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा, १ जुलै २०२५ ते ३१ मे २०२६, रीतसर नोंदवलेला. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी करणं आणि नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. घरमालक काकांनी ती पाळली होती. तरी त्यांना माझा कागद हवा होता, आणि त्यांचं चुकत नव्हतं. तिघींपैकी एकीलाही पगार नाही. भाडं थकलं तर एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मागे लागायचं, हे त्यांच्या वयाच्या माणसाला शोभणारंही नव्हतं.

मला आठवले ते अण्णा, माझे वडील.

अण्णा जिल्हा परिषदेत कारकून होते. १९९४ साली त्यांच्या टेबलाशेजारच्या सहकाऱ्याने पगारदारांच्या एका पतसंस्थेतून ४०,००० रुपये कर्ज घेतलं. दोन जामीनदार लागत. सहकारी फॉर्म घेऊन घरी आला तेव्हा आईने पोहे केले होते, हे मला पक्कं आठवतं, कारण अण्णांनी सही करताना फॉर्मवर तेलाचा ठिपका पडला आणि ते त्यालाच ‘‘चालेल का हो?’’ असं विचारत राहिले. मजकुराबद्दल काही विचारलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा कागद वाचून बघायचा, हे त्यांना अपमानास्पद वाटलं असतं.

पुढे सहकाऱ्याची बदली झाली. बायकोचं मोठं आजारपण निघालं. त्याने त्याच खात्यावर आणखी २५,००० उचलले. अण्णांना कुणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती, कारण बारीक टाइपात छापलं होतं की कर्जात वाढ किंवा मुदतवाढ झाल्यास जामीनदाराची संमती गृहीत धरावी. एका महिन्याच्या पगारपत्रकात ८५० रुपये कमी आले. अण्णांनी आधी बेरीज तपासली. मग कार्यालयात विचारलं. मग घरी येऊन अंगणातल्या पायरीवर बराच वेळ बसले. चपला काढल्या नव्हत्या.

४१ महिने ८५० रुपये कापले गेले. त्या वर्षांत आमच्या घरी नवीन गादी आली नाही आणि माझी सायकल धाकट्या भावाला लहान पडेपर्यंत रंगवून रंगवून चालवली. पण मला टोचतं ते दुसरंच. सहकारी दर दिवाळीला यायचा. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दारात ठेवून, आत न येता, ‘‘येतो’’ म्हणून निघून जायचा. अण्णा उठून फाटकापर्यंत जायचे. दोघं एकमेकांशी काय बोलायचे ते कळत नसे. एका दिवाळीला तो आला नाही, आणि अण्णा दिवसभर दारावरच्या प्रत्येक आवाजाला मान वर करत होते. इतकी वर्षं मैत्री टिकली होती ती पैशांवाचून, आणि तिला मार बसला तो कागदावरच्या एका ओळीने. कुणीच वाईट नव्हतं त्यात. ओळ तेवढी अमर्याद होती.

जुन्या मराठी कारभारात एका ‘जामीन’ शब्दावर काम भागत नसे. माणूस वेळेवर हजर राहील याचा हाजिर जामीन वेगळा, पैसे भरण्याचा माल जामीन वेगळा. वर्तणुकीची हमी घेणारा फैल जामीन, आणि जामिनालाही जामीन राहणारा तो आड जामीन. मोल्सवर्थच्या कोशात हे सगळे एकापाठोपाठ उभे आहेत. मला हा बारकावा फार आवडतो. कशाला जामीन, हे आधी सांगावं लागे. आज आपण ‘हमीपत्र’ म्हणतो आणि माल, हाजिरी, वर्तणूक सगळं एका शब्दात ओततो.

१८७२चा करार कायदा मी त्या रात्री उघडला. कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते, करारात वेगळं ठरलं नसेल तर. वेगळं ठरवायची मुभा त्या शेवटच्या तुकड्यात आहे, आणि छापील मसुद्यात नेमका त्याचाच वापर केलेला नसतो. ‘इतकीच’ म्हणजे किती ते आमच्या प्रकरणात बघा. करारावर तिघींच्या सह्या होत्या आणि जबाबदारी संयुक्त होती. म्हणजे दोघींनी पैसे दिले नाहीत तर मालक माझ्या मुलीकडे १२,००० मागू शकतात, आणि मी ‘सर्व’ लिहिलं असेल तर माझ्याकडेही. शिवाय आधी मुलीकडे मागा आणि मग माझ्याकडे या, असं मला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली एका बँकेच्या प्रकरणात सांगितलं की मूळ कर्जदाराकडचे उपाय संपेपर्यंत थांबायचं बंधन धनकोवर नाही. क्रम हवा असेल तर तो कागदातच लिहावा लागतो.

कलम १२९मध्ये पुन्हा पुन्हा होणाऱ्या व्यवहाराच्या हमीचा विचार आहे. दरमहाचं भाडं मला तसंच वाटलं. तिथलं एक उदाहरण वाचून मी थांबले. जमीनदारीतलं भाडं गोळा करून नीट भरणा होईल, याची हमी एक माणूस देतो, आणि ती ५,००० रुपयांपर्यंत, असं कायदा लिहिणाऱ्याने मुद्दाम नोंदवलं आहे. तिथंही भाडंच, आणि तिथंही आकडा.

अशी हमी पुढच्या व्यवहारांपुरती सूचना देऊन मागे घेता येते, हे कलम १३०. माझ्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, उदाहरणार्थ भाडं वाढवलं, तर त्यानंतरच्या व्यवहारांपासून मी सुटते, हे १३३. अण्णांच्या फॉर्मने पहिल्याच सहीत हेच हत्यार काढून घेतलं होतं. आणि कलम १४५ म्हणतं की जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम देणेकऱ्याने परत करायची असते. म्हणजे माझ्या मुलीने मला. हे वाचून मला हसू आलं नाही. तिच्या नावावर असं कर्ज लिहिलेलं मला बघवलं नाही, आणि मी पान उलटलं.

रविवारी धुळ्याहून सकाळच्या बसने निघाले. द्वारकेला उतरताना नेहमीसारखी आधी पाय रोवायला जागा शोधावी लागते. डोक्यावर उड्डाणपूल, खाली मुंबई-आग्रा महामार्गाची आणि पुण्याकडची वाहनं एकमेकांत शिरलेली, नाशिकरोडच्या शेअर रिक्षावाल्यांच्या हाका. या चौकात उभं राहिलं की पोरीला इथे एकटं ठेवलंय, हे पोटात कळतं.

काका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. मुद्रांकाचे कागद तिथेच छापले जात. मी साधा कागद पुढे केला तेव्हा त्यांनी सवयीने तो खिडकीच्या उजेडाकडे धरला, मग स्वतःशीच मान हलवून खाली घेतला. मुद्रांकाचं मी विचारलं. साध्या कागदावरचा शब्दही बांधतो, हमी तोंडीसुद्धा असू शकते. पण हा कागद कोर्टात पुरावा म्हणून चालवायचा झाला तर बुडालेलं शुल्क दंडासकट भरावं लागतं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. काका म्हणाले, ‘‘माझ्या एका महिन्याच्या काळजीला पाचशे लावू नका.’’ मी तरी मुद्रांक आणला. दोघांचाही विश्वास असताना कागद पक्का करावा, असं माझं मत आहे. विश्वास उडाल्यावर तो करायला कुणी बसत नाही.

मी लिहिलं ते असं: ‘माझी मुलगी वरील करारानुसार दरमहा ४,००० रुपये हा तिचा भाड्याचा हिस्सा ५ तारखेपर्यंत देईल. तो न दिल्यास आपण आधी तिला आणि १० दिवसांत न मिळाल्यास मला लेखी कळवावे. कळवल्यापासून १० दिवसांत मी भरीन. ही हमी फक्त तिच्या हिश्शाच्या भाड्यापुरती, एकूण १२,००० रुपयांपर्यंत आणि ३१ मे २०२६ रोजी संपणाऱ्या मुदतीपुरती आहे. मुदतीनंतरचा दंड, मोडतोड व इतर रहिवाशांची थकबाकी यात येत नाही. अटी बदलल्यास माझी नवी लेखी संमती लागेल.’

मुदतीनंतरचा दंड मी मुद्दाम वगळला. करार संपूनही जागा सोडली नाही तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, तशी भाडे कायद्याच्या कलम २४मध्ये तरतूद आहे.

काकांनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं. ‘‘ताई, एक मुलगी मधेच सोडून गेली तर? दोघींना ६,००० पडतील. तेव्हा तुमची मुलगी चारच देणार?’’

हे मला सुचलं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. तिसरी मिळेपर्यंत वाढीव २,००० मीही पाहीन, पण दोनच महिने, असं आम्ही ठरवलं. मुळातले १२,००० आणि वरचे ४,०००. मी मर्यादा १६,००० केली, आकडा अक्षरांतही लिहिला, बदलाशेजारी दोघांनी छोट्या सह्या केल्या. मोडतोडीला ३६,०००ची अनामत पुरेशी आहे, हे त्यांनी स्वतःच म्हटलं.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याबद्दल दोन म्हातारी माणसं हिशोब करत होती आणि तिचं तोंड उतरलं होतं. मी तिला जवळ बोलावून कागद वाचायला दिला. तिने ‘माझी मुलगी देईल’ या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘आई, ही ओळ मी माझ्या अक्षरात लिहू?’’

तिच्यासाठी खाली दोन बोटं जागा होती. तिने लिहिलं, ५ तारखेचं वचन दिलं, सही केली. तिची सही अजून नीट वळण घेतलेली नाही, दर वेळी वेगळी येते. मग काकांनी पेन मागून घेतलं आणि सगळ्यात शेवटी लिहिलं, ‘थकल्यास आठ दिवसांत कळवीन. उशीर माझा असेल तर वाढीव मागणार नाही.’

परतीच्या बससाठी द्वारकेला उभी होते तेव्हा मुलीचा फोन आला. भाड्याची पावती कुठे जपून ठेवायची, असं विचारत होती. मी तिला अण्णांचा पत्र्याचा डबा सांगितला, तो आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, ४१ पगारपत्रकांसकट. पुढच्या वेळी घेऊन येईन म्हटलं. तेवढ्यात धुळ्याची बस लागली.