सर्व्हर हलवायचा तो पावसाळ्यात

एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ ला ९ जुलै २०१९ नंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ ला १४ जानेवारी २०२० नंतर, हे मायक्रोसॉफ्टने पुष्कळ आधी सांगून ठेवलं होतं. नाशिकच्या कारखान्यांत आणि पतसंस्थांत या जोडीवर चालणारी सॉफ्टवेअर तेव्हा जागोजागी होती. पण मी ज्या पॅकहाउसचं काम पाहत होतो, त्या दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष निर्यातदाराकडे दुसरी तारीख अगदी नको तिथे येत होती. संक्रांतीच्या सुमाराला निर्यातीचा माल सुरू होतो आणि मग एप्रिलपर्यंत रात्रपाळीसुद्धा थांबत नाही. त्या काळात सर्व्हरला हात लावायला कोणी देत नाही, आणि देऊही नये.

मायक्रोसॉफ्टने एक वाट ठेवली होती. जुना सर्व्हर आहे तसा अ‍ॅझ्युअरवर नेला, तर आणखी तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या फुकट. अ‍ॅझ्युअरचं पुण्याचं केंद्र २०१५ पासून चालू आहे, म्हणजे अंतरही फार नाही. मालकांचा साधा प्रश्न होता: सगळं उचलून पुण्याला ठेवलं की झालं ना? यालाच रीहोस्ट म्हणतात. सॉफ्टवेअर तेच, विंडोज तेच, फक्त खालचं यंत्र दुसऱ्याचं. रीप्लॅटफॉर्ममध्ये सॉफ्टवेअर बहुतेक तसंच राहतं, पण डेटाबेससारखा एखादा भाग क्लाउडवाल्याच्या सांभाळातल्या सेवेवर जातो. बॅकअप आणि दुरुस्त्या मग तो बघतो. रीफॅक्टर म्हणजे कोडलाच हात घालणं. नियोजनाच्या बैठकीत लोक या तिघांतला एक निवडायला बसतात, जणू सगळ्या सॉफ्टवेअरला मिळून एकच उत्तर असतं. माझ्या मते निवड प्रत्येक भागाची वेगळी करावी लागते, आणि ती करताना क्लाउडमध्ये काय मिळतं यापेक्षा मागे दिंडोरीत काय राहणार आहे, हे आधी पाहावं.

मागे बरंच काही राहणार होतं. पॅकिंगच्या टेबलांशी वजनकाटे, ते सीरियल केबलने जुन्या संगणकांना जोडलेले, बारकोडचे प्रिंटर, प्रीकूलिंगच्या दाराशी एक स्कॅनर. यातलं कायकाय सर्व्हरशी बोलतं, याची यादी मार्चमध्येच करायला हवी होती आणि आम्ही ती मार्चमध्येच केली. पावसाळ्यात पॅकहाउस झोपलेलं असतं. तेव्हा सर्व्हरवर `netstat -ano` चालवलं, तर हिशेबाचे दोन संगणक दिसतील आणि सगळं सोपं वाटेल. भर हंगामात मात्र गुणवत्ता तपासणीच्या खोलीतली एक एक्सेल फाइल सापडली. ती थेट डेटाबेसमधून प्लॉटचे नोंदणी क्रमांक ओढत होती. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग अपेडाच्या ग्रेपनेटवर प्लॉटपर्यंत लावावा लागतो, म्हणून ती फाइल हंगामात रोज उघडली जायची. एरवी तिची कोणाला आठवणही नव्हती. मोजणी हंगामात आणि हलवाहलव पावसात, हा क्रम उलटा करून चालत नाही.

त्याच मार्चमध्ये आम्ही दुसरी मोजणी केली, आणि सगळा आराखडा तिच्यावरच ठरला. पॅलेट बंद करायची स्क्रीन उघडली की ती डेटाबेसला किती वेळा हाक मारते, हे एसक्यूएल प्रोफाइलरमध्ये पाहिलं. पॅलेटवर १६० खोकी. लिहिणाऱ्याने प्रत्येक खोक्यासाठी वजन, प्लॉट आणि प्रत असे तीन वेगळे प्रश्न विचारले होते, म्हणजे एका स्क्रीनला ४८० फेऱ्या. सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागायचा. पाव सेकंदात स्क्रीन समोर यायची आणि ४८० हा आकडा कोणाला जाणवायचाही नाही. मग पुण्याला चाचणीचं एक यंत्र उभं केलं आणि दिंडोरीतून त्याच्या डेटाबेसच्या दारापर्यंतची फेरी मोजली:

```
psping -n 100 10.20.0.4:1433
```

सरासरी १५ मिलिसेकंद आली. ४८० गुणिले १५ म्हणजे ७.२ सेकंद. इंटरनेटचा वेग वाढवून यात फरक पडत नाही, कारण डेटा थोडासाच आहे, वेळ जातो तो येण्याजाण्यात. डेटाबेस पुण्याला आणि सॉफ्टवेअर दिंडोरीत, अशी फाळणी केली असती तर पहिल्याच रात्री पॅलेटींची रांग लागली असती. ही चूक होते तेव्हा ओळखायची खूण सोपी आहे: सर्व्हरचा प्रोसेसर निवांत असतो, लाइनवर गर्दी नसते, आणि तरी स्क्रीन रेंगाळते.

म्हणून हिशेब, पॅलेट, कंटेनर भरणं आणि अहवाल, हा सगळा गठ्ठा डेटाबेससकट रीहोस्ट करायचं ठरलं. सॉफ्टवेअर आणि डेटाबेस पुण्यात शेजारीशेजारी, आणि दिंडोरीतून रिमोट डेस्कटॉपने फक्त चित्र बघायचं. मग त्या ४८० फेऱ्या पुण्यातल्या पुण्यात होतात. एक बारीक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी लागते. शेतकऱ्यांच्या मराठी पावत्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये छापल्या जायच्या. तो फॉन्ट नव्या यंत्रावर घातला नाही, तर पावतीवर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते.

वजनकाट्याचं टेबल मात्र या गठ्ठ्यात बसत नव्हतं. रिमोट डेस्कटॉपमधून सीरियल पोर्ट पलीकडे नेता येतो, पण लाइन तुटली की वजन येणं थांबतं. रस्त्याच्या कामात फायबर तुटणं आमच्याकडे नवलाईचं नाही. पॅकिंगच्या मुकादमबाई यादी करतानाच म्हणाल्या होत्या, ‘‘हिशेब उद्या झाला तरी चालंल दादा, पण काटा थांबला की माल बाहेर तापतो.’’ सगळ्या नियोजनात मला यापेक्षा नेमकी अट कोणी घातली नाही. तेवढा एक तुकडा रीफॅक्टर करायचा ठरला.

अडचणीचं मूळ खोक्याच्या क्रमांकात होतं. क्रमांक डेटाबेस द्यायचा, म्हणून डेटाबेसशिवाय लेबल छापता येत नव्हतं. आता क्रमांक टेबलानेच बनवायचा: टेबलाची खूण, तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रम. नोंद आधी त्याच संगणकावरच्या छोट्या फाइलीत लिहायची, लेबल छापायचं आणि लाइन असेल तेव्हा नोंदी पुढे पाठवायच्या. पाठवताना लाइन अध्येमध्ये तुटली, तर तीच नोंद दोनदा पोचू शकते. म्हणून घेणाऱ्या बाजूने क्रमांक आधीच आलेला असेल, तर तो गुपचूप सोडून द्यायचा. चाचणीसाठी पॅकिंग चालू असताना केबल काढायची, शंभरेक खोकी जाऊ द्यायची, केबल लावायची, पुन्हा मध्येच काढायची. शेवटी टेबलावरची खोकी आणि किलो सर्व्हरवरच्या आकड्याशी जुळले पाहिजेत. जवळपास जुळणं इथे चालत नाही.

हा बदल आम्ही जुना सर्व्हर दिंडोरीतच असताना केला, त्याच हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत. आधी उचलून न्या, सुधारणा मग करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या तुकड्यावर माल अडतो, त्याच्या बाबतीत तो मला पटत नाही. जागा आणि कोड एकदम बदलले की खोकं हरवल्यावर दोष कशाचा, हे शोधण्यात रात्र जाते. नवं टेबल जुन्या सर्व्हरशी बिनचूक बोलतंय हे एकदा दिसलं, की पुढे फक्त सर्व्हरचा पत्ता बदलतो.

बागांत खरड छाटणी उरकली, पाऊस लागला, आणि हलवाहलव झाली. बॅकअप आकुंचित केल्यावर १५ जीबी भरत होता. वर पाठवायची लाइन १० एमबीपीएसची, म्हणजे साडेतीन तास धरायचे. पूर्ण बॅकअप आदल्या रात्री पाठवून ठेवला आणि प्रत्यक्ष बदलाच्या वेळी फक्त त्यानंतरचा लॉग नेला, त्यामुळे काम बंद राहण्याचा वेळ मिनिटांवर आला. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हिशेबाची माणसं नाशिकमधल्या घरांतून त्याच स्क्रीनवर कामाला बसली. बिगरहंगामात यंत्र बंद ठेवलं की त्या यंत्राचं भाडंही थांबतं, डिस्कचं तेवढं चालू राहतं. पण त्यासाठी ते पोर्टलवरून डीअ‍ॅलोकेट करावं लागतं. विंडोजच्या आतून नुसतं शटडाउन केलं, तर मीटर चालूच राहतो.

रीप्लॅटफॉर्मची पाळी २०२० च्या पावसाळ्यात आली. डेटाबेस अ‍ॅझ्युअर एसक्यूएलच्या सेवेवर न्यायचा होता. या सेवेत सर्व्हर आपला नसतो, म्हणून सर्व्हरच्या फाइलींना हात लावणारं `xp_cmdshell` तिथे चालत नाही आणि रात्रीची कामं लावायला एसक्यूएल एजंटही नाही. ही कामं शेजारच्या यंत्रावरच्या टास्क शेड्युलरकडे गेली. ती सोपी होती, कारण न चालणारी गोष्ट लगेच ओरडते. अवघड असते ती चालणारी पण चुकणारी गोष्ट. त्या सेवेत `GETDATE()` भारताची वेळ देत नाही, जागतिक वेळ देतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. चाचणीत एक पॅलेट भरायच्या पाच तास आधीच प्रीकूलिंगमध्ये गेलेली दिसली: भरल्याची वेळ टेबलाच्या घड्याळाची होती आणि आत गेल्याची डेटाबेसची. रात्री दोनला आत गेलेल्या पॅलेटीवर तर आदल्या दिवसाची तारीख पडत होती. डेटाबेसमधल्या वापराच्या जागा शोधायला हे पुरतं:

```sql
SELECT OBJECT_NAME(object_id)
FROM sys.sql_modules
WHERE definition LIKE '%getdate%';

SELECT OBJECT_NAME(parent_object_id), name
FROM sys.default_constraints
WHERE definition LIKE '%getdate%';
```

दुसरी विचारणा बहुतेक जण विसरतात. डेटाबेसमधल्या रकान्याला आपोआप लागणारी वेळ पहिल्या यादीत येत नाही, आणि आमची प्रीकूलिंगची वेळ तशीच लागत होती. सापडलेल्या प्रत्येक जागी हे घातलं:

```sql
CAST(SYSDATETIMEOFFSET() AT TIME ZONE 'India Standard Time' AS datetime)
```

या टप्प्याला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती मालकांना तारीख ठरवण्याआधी स्पष्ट सांगितली. रीहोस्टमध्ये आवृत्ती तीच असते, म्हणून पुण्यातला बॅकअप दिंडोरीच्या जुन्या सर्व्हरवर पुन्हा बसवता येत होता. जुना सर्व्हर आम्ही म्हणूनच पहिला हंगाम संपेपर्यंत विकू दिला नाही. नव्या आवृत्तीतला डेटाबेस मात्र जुन्या आवृत्तीवर परत बसत नाही. बदलानंतर एक दिवस पॅकिंग झालं, की मागे फिरणं म्हणजे त्या दिवसाच्या नोंदी हाताने उतरवून घेणं. म्हणून बदल गोडी छाटणीच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकला, आणि पहिल्या खोक्याला तोवर चार महिने होते. त्या चार महिन्यांत गेल्या हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या रात्रीच्या नोंदी त्याच क्रमाने पुन्हा नव्या डेटाबेसवर चालवल्या, आणि खोकी, किलो, पॅलेटी नि वेळा जुन्या अहवालाशी ताडून पाहिल्या. वजनकाट्याची टेबलं अजूनही दिंडोरीतच आहेत, जुन्याच केबलवर.